कोऱ्या पाण्याची थरथर

विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात येतो आणि शिशापुढे आकड्याऐवजी ‘आढळले नाही’ असं लिहिलेलं असतं. वाचणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. पण प्रयोगशाळा पाण्यात शिसं नाही असं सांगत नसते. आमच्या यंत्राला, आमच्या पद्धतीने ते दिसलं नाही, एवढंच ती म्हणते. किती शिसं असतं तर दिसलं असतं, तो आकडा खाली बारीक अक्षरात ‘एलओडी’, म्हणजे शोधमर्यादा, म्हणून दिलेला असतो. किती असतं तर भरवशाने मोजता आलं असतं, तो आकडा ‘एलओक्यू’, म्हणजे मापनमर्यादा.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजेच १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको. साध्या ज्वालेवर चालणाऱ्या अणुशोषण यंत्राची शोधमर्यादाच सहसा या आकड्याच्या आसपास किंवा त्याहून वर असते. तिथे ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काडीचीही किंमत नाही. म्हणून शिशासाठी ग्रॅफाइट फर्नेस वापरतात. त्यात एका छोट्या ग्रॅफाइटच्या नळीत पाण्याचा थेंब टाकून तो तापवतात आणि शिशाच्या वाफेने किती प्रकाश शोषला ते पाहतात.

या मर्यादा ठरतात त्या ‘ब्लँक’वरून. शुद्ध पाणी घ्यायचं, नमुन्यात घालतो तेच नायट्रिक आम्ल त्यात घालायचं, त्याच बाटल्या, तेच पिपेट वापरायचे. फक्त शिसं घालायचं नाही. तरीही यंत्र शून्य दाखवत नाही. आम्लात किंचित शिसं असतं, हवेतली धूळ पडते, प्लास्टिकच्या टिपेवर काही चिकटलेलं असतं, ग्रॅफाइटची नळी जुनी होत जाते आणि यंत्राची स्वतःची कुरकुर असतेच. मर्यादेचा हिशोब मात्र या रीडिंगच्या सरासरीवर होत नाही, ती एकमेकांपासून किती लांब पडतात त्यावर होतो. सरासरी वजा करून टाकता येते. थरथर वजा करता येत नाही.

समजा, एकच ब्लँक यंत्रात ठेवून त्याची लागोपाठ दहा रीडिंग घेतली. शोषण हजारांशात मांडलं तर आकडे असे: ४, ६, ५, ३, ५, ७, ४, ६, ५, ५. सरासरी ५, प्रमाणित विचलन साधारण १.१५. कॅलिब्रेशनच्या रेषेचा उतार लिटरमागे एका मायक्रोग्रॅमला ४ हजारांश आहे असं धरू. विचलनाला ३.३ ने गुणून उताराने भागलं की शोधमर्यादा मिळते: ०.९५ मायक्रोग्रॅम. ३.३ ऐवजी १० ने गुणलं की मापनमर्यादा: २.९. मानकाचा आकडा १० आहे, तेव्हा सगळं झकास दिसतं.

आता दहा ब्लँक वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी नव्याने आम्ल घालून, नव्या बाटलीत तयार केले. रीडिंग आली: २, ९, ४, ६, १, १०, ५, ३, ८, २. सरासरी पुन्हा ५च! पण विचलन ३.१६ झालं. शोधमर्यादा २.६ वर गेली, मापनमर्यादा ७.९ वर. यंत्र तेच, रेषा तीच, तरी आकडा पावणेतीनपट. पहिल्या दहा रीडिंगमध्ये फक्त यंत्राची थरथर होती. दुसऱ्या दहांत आम्लाची, बाटलीची, तयार करणाऱ्या हाताचीही आली. तुमच्या विहिरीचं पाणी याच सगळ्या वाटेने जाणार आहे, त्यामुळे खरा आकडा दुसरा. अहवालाच्या पानावर दोन्ही सारखेच रुबाबदार दिसतात, हीच अडचण.

हे ३.३ आणि १० आले कुठून? १९६८ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समधल्या लॉइड करी यांनी किरणोत्सारी मापनांच्या निमित्ताने हा प्रश्न नीट मांडला. चूक दोन प्रकारची होऊ शकते: शिसं नसताना ‘आहे’ म्हणणं आणि असताना ‘नाही’ म्हणणं. पहिली चूक शंभरात पाचच वेळा व्हावी असं ठरवलं, तर ब्लँकच्या सरासरीपासून १.६४५ विचलनं वर एक रेघ ओढावी लागते. रीडिंग रेघेवर गेलं तरच ‘आहे’ म्हणायचं. दुसरी चूकही शंभरात पाचवरच ठेवायची, तर खरं प्रमाण त्या रेघेच्या आणखी १.६४५ विचलनं वर हवं. दोन्ही मिळून ३.२९, म्हणून ३.३. बऱ्याच ठिकाणी सरळ ३ घेतात, तेही चालून जातं.

इथे एक गफलत सर्रास होते. ‘आहे की नाही’ ठरवण्याची रेघ करींच्या हिशोबात शोधमर्यादेच्या निम्म्यावर आहे. प्रयोगशाळा मात्र शोधमर्यादेलाच रेघ समजतात आणि त्याखालचं सगळं ‘आढळले नाही’ म्हणून लिहून टाकतात. मग ज्या पाण्यात शिसं बरोबर शोधमर्यादेइतकं आहे, त्याची रीडिंग निम्म्या वेळा रेघेखाली पडतात आणि ते पाणी निम्म्या वेळा निर्दोष सुटतं.

१० चा अर्थ सोपा आहे: त्या पातळीवर थरथर ही संदेशाच्या एक दशांश असते, म्हणजे आकड्यात साधारण दहा टक्के खालीवर. आपल्या उदाहरणात हे हलक्यात घेऊन चालणार नाही. पाण्याचं रीडिंग ९ आलं, तर दोन विचलनांचा अंदाज धरून खरं प्रमाण साडेसात ते साडेदहा कुठेही असू शकतं. मानकाच्या आत की बाहेर, ठामपणे सांगता येत नाही. २.६ आणि ७.९ च्या मध्ये काही आलं, तर ‘शिसं आहे, पण ७.९ पेक्षा कमी’ एवढंच लिहावं.

कधी कधी अहवालात सगळी ब्लँक रीडिंग शून्य दिसतात. काही सॉफ्टवेअर उणे रीडिंगला शून्य करून टाकतात. मग विचलन शून्य आणि शोधमर्यादाही शून्य! असं यंत्र जगात नाही. ब्लँकची कच्ची रीडिंग, उणे चिन्हांसकट, मागून घेतली की प्रकार लगेच उघडा पडतो. तीच शंका ‘०.९५३’ अशा शोधमर्यादेबद्दल घ्यावी. दहाच रीडिंगवरून काढलेलं विचलन स्वतःच सुमारे पाव भागाने इकडेतिकडे असू शकतं, तिथे तिसरा दशांश अंक म्हणजे नुसता थाट.

पाण्याऐवजी हळद असेल तर आणखी एक पायरी येते. अर्धा ग्रॅम हळद आम्लात विरघळवून ५० मिलिलिटर केली, की मूळ पदार्थ शंभरपट पातळ झाला. द्रावणातली ७.९ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा हळदीत किलोमागे ०.७९ मिलिग्रॅम होते. अहवालातली मर्यादा द्रावणाची की पदार्थाची, हे लिहिलेलं नसेल तर शंभरपटीची चूक शांतपणे खपून जाते.

ब्लँकवरून काढलेला आकडा हा शेवटी अंदाजच. तो तपासायचा तर शुद्ध पाण्यात लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम शिसं मुद्दाम घालायचं आणि असे सात नमुने वेगवेगळे तयार करून नेहमीच्या रांगेत चालवायचे. उत्तरं साधारण सात ते नऊ यांच्या दरम्यान पडली, तर ७.९ ही मापनमर्यादा टिकली. चारपासून तेरापर्यंत पसरली, तर ब्लँकमध्ये न आलेली एखादी थरथर खऱ्या नमुन्यात येते आहे. ती सापडेपर्यंत मर्यादा वर सरकवून नव्याने लिहावी लागते.