पट्टा भोकात पाहावा

सकाळी आठ

उन्हाळ्यात कापणीचं काम मी सकाळीच उरकतो. अमरावतीत दहा वाजले की तळहात घामेजतात, आणि ओल्या हाताचा डाग रंग न दिलेल्या चामड्यावर कायमचा बसतो. जवाहर गेटजवळच्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, एक ऐरण, शिलाई मशीन आणि भिंतीला लटकवलेले पट्टे.

आज टेबलावर म्हशीचं पाठीकडचं चामडं आहे. मार्च 2015 मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून पट्ट्याच्या जाडीचं इकडचं कातडं म्हणजे मुख्यतः म्हशीचंच. त्याचा दाणा गायीच्या चामड्यापेक्षा भरड दिसतो. दिसायला थोडं राकट, पण पट्ट्याला उत्तम. मी पट्टी कापतो ती पाठीच्या कण्याला समांतर. पाठीवरचे तंतू घट्ट विणलेले असतात, ते ताणत नाहीत. पोटाकडचं चामडं सैल असतं आणि त्याचा पट्टा काही महिन्यांत लांबतो. वरची साल तासली नाही, घासून गुळगुळीत केली नाही, की त्याला बाजारात फुल ग्रेन म्हणतात. त्यावर डासाच्या चाव्याचे ठिपके, काट्याने ओरखडल्याच्या खुणा दिसतात. गिऱ्हाईक त्या खुणांना दोष समजतं. मला तर त्या दिसल्या की बरं वाटतं, कारण छाप मारलेल्या दाण्यात अशी खूण कधी एकटी येत नाही. रूळ फिरला की तोच ठिपका ठरावीक अंतराने पुन्हा येतो.

साडेतीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या निघाल्या. पँटला सव्वा इंच रुंद, जीन्सला दीड इंच.

सकाळी दहा

ओळखीचे एक शिक्षक आले. पिशवीतून तुटलेला पट्टा काढून ओट्यावर ठेवला.

“भाऊ, दुकानदारानं तं सांगलं होतं, अस्सल चमडं हाय म्हून. वर्षही झालं नाही ना जी.”

पट्टा नेमका तुटला होता ते रोजच्या वापरातल्या भोकावर. पट्टा दोनच ठिकाणी मरतो: बकलाशी जिथे तो दुमडतो तिथे, आणि ज्या भोकात रोज काटा जातो तिथे. पोटाचा सगळा ताण त्या एका भोकाच्या कडेवर येतो.

मी तुटलेलं टोक त्यांच्या समोर उजेडात धरलं. वर पातळ, चकचकीत थर. तो रेक्झिनसारखा सोलून निघत होता. खाली तपकिरी, कागदी पुठ्ठ्यासारखा गाभा. नखाने घासला तर भुगा पडला. हेच बाँडेड लेदर. कारखान्यात उरलेल्या कातरणांचा बारीक चुरा करतात, तो चिकटवणाऱ्या रसायनात कालवून त्याचे तक्ते लाटतात, वर प्लॅस्टिकचा थर देऊन दाण्याची छाप मारतात. त्यात चामडं आहे हे खरं, त्यामुळे दुकानदार अगदीच खोटं बोलला असं नाही. पण जनावराच्या कातडीत तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि ताकद त्या गुंत्यात असते. चुरा केला की तो गुंता संपतो. उरतो तो डिंकाचा जोर, आणि वऱ्हाडातला घाम आणि मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची उष्णता त्या डिंकाला फार दिवस टिकू देत नाहीत.

“मंग याले शिवून देता येते का?”

नाही येत. सुईने आणखी भोकं पाडली की टाक्यांच्या रेषेवरच तो फाटेल. पट्टा परत दिला, बकल मात्र काढून ठेवलं. ते चांगलं होतं.

सकाळी साडेअकरा

बकलांचा डबा उघडला. चुंबक लावून लोकांची एक समजूत मला रोज दुरुस्त करावी लागते. चुंबक चिकटलं तर बकल लोखंडी, गंजणारं, इतकंच कळतं. चिकटलं नाही म्हणजे पितळ, असं नव्हे. बाजारातली बहुतेक बकलं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतून मुलामा दिलेली असतात, आणि जस्तालाही चुंबक चिकटत नाही. फरक दिसतो तो बकलाच्या मागच्या बाजूला, काटा जिथे आडव्या दांडीभोवती वळतो तिथे. मुलामा आधी तिथेच घासून जातो. पितळ खालीही पिवळंच असतं, जस्त करडं पडतं. आणि जस्त मोडतं ते वाकून नव्हे, एकदम तडकून.

काट्याचं साधं बकल मला सर्वांत भरवशाचं वाटतं. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. ऑटोलॉकचं तसं नाही. त्यात पट्ट्याच्या मागे दातेरी प्लॅस्टिकची पट्टी शिवलेली असते आणि बकलात स्प्रिंगची जीभ असते. भोकं नसल्यामुळे पोट जेवणानंतर पाव इंचाने वाढलं तरी जमतं, ही सोय खरी. पण दाते झिजले किंवा पट्टीचा दोरा उसवला, की दुरुस्तीला माझ्यासारख्याकडे फारसं काही उरत नाही.

दुपारी एक

बडनेऱ्याहून गाडी धरली. अकोल्याला भाचा आहे, त्याला बँकेत नोकरी लागली आणि त्याला ‘साहेबासारखा’ पट्टा हवा आहे. मी माझ्या हातचा देऊ केला होता, त्याला तो फार जाड वाटला. खरंच आहे. फॉर्मल पँटच्या लूपमधून साडेतीन मिलिमीटरचं चामडं अडत अडत जातं. मूर्तिजापूर गेलं तोवर डब्यात उन्हाची झळ येऊ लागली होती.

दुपारी तीन

गांधी रोडवरच्या एका दुकानात आम्ही काउंटरवर तीन पट्टे मागवले.

पहिला साडेचारशेचा, मागे ‘जेन्युइन लेदर’ असा ठसा. कडा काळ्या रंगाने सुबक रंगवलेल्या. कडेवरून काही कळणं शक्य नव्हतं, रंगाने सगळे थर झाकले होते. पण बकल चिमट्याचं होतं. मागची पट्टी वर उचलली की दात सुटतात आणि पट्टा बकलातून बाहेर येतो. लांबी घरी कापून बसवता यावी म्हणून ही सोय असते, आणि म्हणूनच ते टोक कधी रंगवलेलं नसतं. दुकानदाराला विचारून मी पट्टा ओढून काढला. टोकाला वरचा थर, मधला भुसकट गाभा आणि खाली कापडाचं अस्तर, तिन्ही मोजता येत होते. ठसा कसाही असो, टोक खरं बोलतं.

दुसरा ऑटोलॉकचा. त्याचं टोकही चिमट्यात होतं. चामडं एकसंध, पण तंतू सैल, लोकरीसारखे सुटे, आणि वर रंगाचा जाड थर. हे स्प्लिट, म्हणजे जाड कातडी आडवी चिरल्यावर खाली उरलेला थर. बाँडेडपेक्षा कितीतरी बरं, पण वरची साल त्यात नसते.

तिसरा अकराशेचा, काट्याच्या बकलाचा. याचं टोक दुमडून स्क्रूने बसवलेलं, कडा रंगवलेल्या, मागे चामड्याचंच अस्तर. मग मी भोकात पाहिलं. मोबाइलची बत्ती मागून धरली आणि पट्टा भोकाशी किंचित वाकवला. भोकाची आतली भिंत दुकानदार कधी रंगवत नाही. पाचही भोकं स्वच्छ कापलेली होती, कडेला केस निघाले नव्हते. आत तंतू दाट दिसत होते, वरच्या सालीकडे अधिकच दाट. आणि अगदी मधोमध एक निळसर करडी रेघ होती.

भाचा दचकला. “मामा, हे तं निळं हाय आतून. नकली असन.”

उलट आहे. क्रोमने कमावलेलं कातडं रंगण्याआधी निळसरच असतं. वरून आणि खालून दिलेला रंग मध्यापर्यंत पोचला नाही की ती रेघ उरते. झाडाच्या सालीने, हिरड्या-बाभळीने कमावलेलं चामडं आत तपकिरी असतं. क्रोमच्या चामड्याची कड घासून चकाकत नाही, म्हणून त्याला रंगवावं लागतं. त्यामुळे रंगवलेली कड दिसली की पट्टा टाकाऊ, असंही ठरवू नये. कड जोराने वाकवून पाहावी. रंग तडकला नाही, म्हणजे थर पातळ आणि नीट वाळवलेला आहे. हा तडकला नाही.

राहिली शिलाई. लोक टाके समोरून पाहतात, मी पट्टा उलटा करतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या पोटात गुंफला जायला हवा. मागच्या बाजूला दोरा तारेसारखा सरळ पडून वरचे फास त्यावर अडकलेले दिसले, तर ताण चुकलेला असतो. एक टाका तुटला की सगळी ओळ ओढून निघते. इथे मागेही टाके खोल बसले होते, इंचाला सात. दहा-बारा असते तर मी घेतला नसता, कारण इतकी दाट भोकं म्हणजे फाडण्यासाठी आखून दिलेली रेषा. भोकांजवळून जाताना शिलाई भोकाला चिकटून नव्हती, कडेकडेने गेली होती. त्यामुळे काट्याचा ताण टाक्यांवर येणार नाही. भोकांभोवती पितळी आयलेट असलेला पट्टाही त्यांनी दाखवला. तो मी बाजूला ठेवला, आयलेटने भोकाची भिंतच झाकून जाते.

साडेनऊशेला सौदा झाला.

संध्याकाळी सात

बहिणीच्या घरी भाच्याचा जुना पट्टा मागवला. माप कमरेचं घेऊ नये, पँटवरच्या आकड्याचंही नाही. जुन्या पट्ट्याच्या बकलाशी असलेल्या दुमडीपासून रोजच्या भोकापर्यंत टेप लावावा. तेहतीस इंच भरले. नव्या पट्ट्याचं मधलं भोक छत्तीसवर होतं. तीन इंच कमी करायचे ते बकलाच्या बाजूने, टोकाकडून कधीच नाही. टोकाकडून कापलं की भोकं टोकाला येतात आणि पट्टा बुटका दिसतो.

स्क्रू सोडवले, तीन इंच कापले. आता दुमडायचा भाग पातळ करायला हवा, नाहीतर बकलाशी गाठ येते. रापी आडवी धरून अस्तराच्या बाजूने चामडं तासत गेलो, जाडी निम्म्यावर आणली. त्याहून पातळ केलं तर पट्टा तिथेच तुटतो. काट्यासाठी इंचभराची फट पाडली. दोन टोकांना पंचने गोल भोकं, मधली जागा पात्याने सरळ. चौकोनी कोपरा ठेवला तर चीर तिथून पुढे सरकते. गोल टोकाला ती थांबते. स्क्रूची भोकं पाडली, आट्यांना गोंदाचा थेंब लावून पिळले, म्हणजे चालता चालता सैल होणार नाहीत.

भाच्याने पट्टा बांधला. काटा मधल्या भोकात गेला, दोन्ही बाजूंना दोन दोन भोकं उरली.

त्याला एवढंच सांगितलं: घामाने भिजला तर उन्हात वाळवायचा नाही, पंख्याखाली सरळ लटकवायचा, गुंडाळून कपाटात ठेवायचा नाही. हे चामडं पाठीचं की पोटाचं, ते अस्तर लावलेल्या पट्ट्यात दुकानात उभं राहून मलाही ओळखता येत नाही. पावसाळ्याअखेर काटा आतल्या भोकात जायला लागला, तर पोटाचं. तेव्हा त्याने अमरावतीला यावं, आणखी एक इंच बकलाकडून काढून देईन.