बायोडाटा तपासताना कोणत्या ओळीला किती गुण?

ताई, अंगणवाडी सेविकेची जाहिरात तुम्ही वाचली असेल. त्यात बारावी पास, वयाची अट आणि स्थानिक रहिवासी या अटी आहेत. यातली एक जरी नसली तरी अर्ज बाद होतो. पदवी, एमएस-सीआयटी याला मात्र जादा गुण मिळतात. नसले तरी अर्ज चालतो. आपल्या संघासाठी लेखापाल निवडतानाही ओळींचे असेच दोन भाग करायचे.

समजा जाहिरातीत सात ओळी आहेत. बारावी पास, गटाची कॅशबुक व कर्ज खतावणी लिहिण्याचा अनुभव, आणि कजगाव, गुढे अशा गावांना फिरायची तयारी या तीन ‘आवश्यक’. पदवी, एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग या चार ‘असल्यास प्राधान्य’. कोणती ओळ कुठे टाकायची हे कसं ठरवायचं? स्वतःला विचारा, ही गोष्ट नसली तर पहिल्याच महिन्यात काम अडेल का? टॅली महिनाभरात शिकता येते, आणि आपल्या वह्या तर अजून हातानेच लिहितो. मग ती आवश्यक कशी?

आता दोन अर्ज आले. पहिलीकडे बारावी आणि प्राधान्याच्या चारही गोष्टी आहेत, पण गटाची वही कधी लिहिली नाही आणि फिरायला जमणार नाही. दुसरीकडे तिन्ही आवश्यक गोष्टी आहेत, वरून फक्त एमएस-सीआयटी. प्रत्येक ओळीला एकच गुण दिला तर पहिलीला ५, दुसरीला ४. म्हणजे पाच वर्षं गटाची वही सांभाळणारी बाई मागे पडली!

म्हणून आवश्यक ओळीला ५ गुण, प्राधान्याच्या ओळीला १. आता पहिलीला ५ आणि ४ मिळून ९, दुसरीला १५ आणि १ मिळून १६. पाचच का? कारण प्राधान्याचे सगळे गुण मिळून ४ होतात, ते एका आवश्यक ओळीपेक्षा कमीच राहिले पाहिजेत. प्राधान्याच्या ओळी आठ असत्या तर ५ पुरले नसते, ९ तरी ठेवावे लागले असते.

तरी एक फट राहते. तिसरी बाई फिरायला तयार नाही, बाकी सगळं आहे. तिला १४. चौथीला फक्त बचतीच्या नोंदी येतात, कर्जाच्या नाही, म्हणून अनुभवाचे ५ पैकी २ दिले. बाकी दोन आवश्यक ओळी पूर्ण, प्राधान्याचं काहीच नाही. तिला १२. बेरजेत तिसरी पुढे, पण गुढ्याची वही तपासायला जाणार कोण? आवश्यक ओळीत शून्य असेल तर तो अर्ज बेरीज न करताच बाजूला ठेवायचा. कमी गुण चालतील, शून्य नाही.

हे गुण अर्ज उघडण्याआधी बैठकीत ठरवून ठरावात लिहा. नाव बघून आकडे ठरायला लागले की भांडणं होतात, माहितीये ना!

आणि तुम्ही स्वतः अर्ज करणार असाल तर टॅली येत नाही म्हणून थांबू नका. बायोडाट्यात सगळ्यात वर लिहा: किती गटांच्या वह्या, किती वर्षं, कोणकोणत्या नोंदी.