पंचवीस लाखांचा हिशेब

घरातल्या आजारी माणसासाठी मदतीचं आवाहन बहुधा भाचा किंवा पुतणी लिहिते, आणि तेही दवाखान्यातून दमून परतल्यावर, रात्री उशिरा. म्हणून तो मजकूर पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी कागदपत्रं समोर ठेवून वाचायला हवा. नमुन्यादाखल एक आवाहन घेऊ. मावशीला एएमएल हा रक्ताचा कर्करोग झाला आहे. भाच्याने लिहिलंय : ‘माझी दुर्दैवी मावशी ब्लड कॅन्सरच्या चौथ्या स्टेजला मृत्यूशी झुंजत आहे. सात दिवसांत मोठं ऑपरेशन झालं नाही तर ती वाचणार नाही. २५ लाखांची तातडीने गरज. विम्याची मदत नाही.’

आधी पैसे. रुग्णालयाच्या एस्टिमेटवर बोन मॅरो ट्रान्सप्लांटचे १८ लाख आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की, घरी सोडल्यानंतरची औषधं आणि तपासण्या यात धरलेल्या नाहीत. त्यासाठी डॉक्टरांनी ३ लाख सांगितले आहेत. झाले २१. मग वरचे ४ लाख कुठून आले? पहिल्या केमोथेरपीला झालेला खर्च भाच्याने त्यात मिळवला. तो भागलेला आहे : ३ लाख मेडिक्लेममधून, १ लाख घरातून. उसने घेतलेले पैसे फेडायचे असतील तर ते मागण्यात गैर काही नाही, पण तसं स्पष्ट लिहावं. पुढच्या उपचारांच्या आकड्यात मिसळू नये.

‘विम्याची मदत नाही’ हेही खरं नाही. पॉलिसी ५ लाखांची होती, ३ संपले, २ उरले. मात्र हे २ लाखही कंपनीची पूर्वमंजुरी हातात आली असेल तरच ‘मिळणार’ म्हणावं. ती आली आहे असं धरू. घरच्यांनी ४ लाख जमवलेत. म्हणजे २१ मधून ६ वजा जाता कमी पडतात १५ लाख.

निधी गोळा करणारी वेबसाइट आपलं शुल्क आणि पैसे वळते करण्याचा खर्च कापते. हे दर सारखे नसतात, म्हणून आधी विचारून घ्यावेत. समजा, एकूण ५ टक्के कापले जाणार आहेत. इथे बरेच जण १५ लाखांवर ५ टक्के चढवून १५,७५,००० मागतात. पण कपात १५ लाखांवर नाही, जमलेल्या पूर्ण रकमेवर होते. हाती पडतात १४,९६,२५०. बरोबर उत्तरासाठी १५ लाखांना ०.९५ ने भागावं. येतात साधारण १५,७९,०००. हा आकडा अक्षरांतही लिहावा, कारण फॉरवर्ड होताना एखादं शून्य सहज गळतं किंवा वाढतं.

आता आजार. एएमएलला गाठीच्या कर्करोगासारख्या एक ते चार स्टेज नसतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट हे कापाकापीचं ऑपरेशनही नाही. आधी जोरदार केमोथेरपी देतात आणि मग दात्याच्या पेशी रक्तासारख्या शिरेतून चढवतात. मावशीच्या डिस्चार्ज कार्डावर ‘रेमिशन’ असा शब्द आहे. म्हणजे केमोला आजाराने दाद दिली आहे आणि तो उलटू नये म्हणून ट्रान्सप्लांट करायचं आहे. मग ‘मृत्यूशी झुंज’ कशी? सात दिवसांची मुदतही कागदात सापडत नाही. भरती होण्याची तारीख आणि त्याआधी भरायची अनामत रक्कम मात्र आहे. तीच लिहावी. मदत करणाऱ्यांत एखादी नर्स किंवा डॉक्टर असतेच, आणि ‘चौथी स्टेज’ वाचल्यावर तिला पुढच्या खऱ्या आकड्यांचीही शंका येऊ लागते.

‘दुर्दैवी’ हा शब्द मी पहिल्याच वाचनात खोडेन. मावशी पंधरा वर्षं पाळणाघर चालवते. तिची ओळख त्याने द्यावी. नळ्या लावलेला फोटो लावायचा की घरचा, हे तिने ठरवायचं. उद्या बरी होऊन ती याच गल्लीत भाजी आणायला जाणार आहे, आणि फोटो तोवर शेकडो फोनमध्ये पोचलेला असेल. एस्टिमेट जोडताना पत्ता, फोन आणि आधार क्रमांक झाकावेत. रुग्णालयाचं नाव, रक्कम आणि तारीख दिसू द्यावी.

दुरुस्त मजकूर असा होईल : ‘माझी मावशी पंधरा वर्षं पाळणाघर चालवते. तिला एएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. केमोथेरपीला चांगला प्रतिसाद मिळाला असून, आजार पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवलं आहे. दाता तिचा भाऊ आहे. पुढचा खर्च अंदाजे २१ लाख. विमा २ लाख आणि घरचे ४ लाख वजा जाता १५ लाख कमी पडतात. वेबसाइटचं शुल्क धरून आम्ही १५,७९,००० (पंधरा लाख एकोणऐंशी हजार) रुपयांचं आवाहन करत आहोत. एस्टिमेट जोडलं आहे.’

हा मजकूर मावशीला वाचून दाखवावा आणि ती म्हणेल ते बदलावं. खाली तारीख घालावी, आणि रक्कम पुरी झाली की त्याच ठिकाणी तसं लिहून आवाहन बंद करावं. उपचार स्वस्तात झाले तर उरलेल्या पैशांचं काय करणार, तेही आधीच एका ओळीत सांगून ठेवावं.