दुसरे उत्तर कुठे अडते?

गोल डफावर कडेच्या बाजूला थाप मारली, की कातडे सगळे मिळून वरखाली होत नाही. त्याच्या कंपनाच्या एका प्रकारात अर्धे कातडे वर उचलले जाते, उरलेले अर्धे खाली दबते आणि मधली व्यासरेषा जागची हलत नाही. केंद्रापासून कडेकडे जाताना हे हलणे कसे बदलते, ते सांगणारे समीकरण असे:

x²y″ + xy′ + (x² − 1)y = 0

इथे x म्हणजे सोयीच्या मापात केंद्रापासूनचे अंतर आणि y म्हणजे तिथले हलणे. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेसेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणांपैकी हे एक. ते दुसऱ्या कोटीचे असल्याने त्याला एकमेकांपासून स्वतंत्र अशी दोन उत्तरे असायला हवीत. पण x = 0 ला y″ चा सहगुणकच शून्य होतो, त्यामुळे तिथे साधी घातश्रेणी पुरेलच याची खात्री उरत नाही. ही अडचण आटोक्यातली असते तेव्हा त्या बिंदूला रेग्युलर सिंग्युलर पॉइंट म्हणतात.

अशा बिंदूपाशी उत्तर शोधण्याची पद्धत फर्डिनांड फ्रोबेनियस यांनी १८७३ साली मांडली. त्याआधी लाझारस फुक्स यांनी या प्रकारच्या समीकरणांचा पाया घातला होता. पद्धत अशी, की श्रेणी स्थिर संख्येपासून सुरू न करता xʳ पासून सुरू करायची आणि r किती हे समीकरणालाच ठरवू द्यायचे. म्हणजे y = xʳ(a₀ + a₁x + a₂x² + …), आणि a₀ शून्य नाही. हे वरच्या समीकरणात घातले, की सर्वांत लहान घातापाशी r² − 1 = 0 मिळते. मुळे दोन: १ आणि −१. त्यांच्यातला फरक २, म्हणजे पूर्ण संख्या.

मोठे मूळ कधीच त्रास देत नाही. r = 1 घेतला की प्रत्येक सहगुणक आधीच्यावरून निघतो आणि पहिले उत्तर हाती येते:

y₁ = x − x³/8 + x⁵/192 − …

आता r = −1 घेऊ. सहगुणकांचा नियम होतो n(n − 2)aₙ + aₙ₋₂ = 0. n = 1 ला a₁ शून्य निघतो, त्यात काही वावगे नाही. पण n = 2 ला समोर येते: 0·a₂ + a₀ = 0. a₂ काहीही घेतला तरी a₀ शून्यच ठरतो आणि तो शून्य नाही असे तर आपण आधीच ठरवले आहे. वाट इथे बंद होते. कारणही दिसते: x⁻¹ पासून निघालेली श्रेणी दोन पावले चालून x¹ वर पोहोचते, आणि ती जागा दुसऱ्या मुळाची आहे.

इथे अनेक विद्यार्थी a₀ = 0 मान्य करून पुढे जातात. त्यांना श्रेणी मिळतेही, पण ती y₁ चीच पट असते. दोन्ही उत्तरांचा भागाकार स्थिर संख्या आला, की दुसरे उत्तर सापडलेच नाही हे ओळखावे.

कोंडी फोडायला नवा घटक लागतो, तो म्हणजे लॉगॅरिदम. दुसरे उत्तर असे धरायचे:

y₂ = C y₁ ln x + x⁻¹(1 + b₁x + b₂x² + …)

y₁ ln x समीकरणात घातल्यावर ज्यांत ln x आहे ती पदे उडून जातात, कारण y₁ स्वतःच उत्तर आहे. मागे उरते फक्त 2xy₁′, आणि त्याचे पहिले पद 2x. अडलेल्या पायरीवर आता 0·b₂ + 1 + 2C = 0 असे होते. म्हणून C = −1/2. b₂ मोकळा राहतो. तो शून्य घेतला तर पुढचे पद −3x³/64 येते:

y₂ = −½ y₁ ln x + 1/x − 3x³/64 + …

मात्र मुळांतला फरक पूर्ण संख्या दिसला की लॉगॅरिदम येणारच, असे समजणे चूक आहे. कंसातल्या १ च्या जागी ¼ ठेवला तर मुळे ½ आणि −½ येतात; फरक १, म्हणजे पुन्हा पूर्ण संख्या. पण तिथे अडणारी पायरी 0·a₁ = 0 अशी असते. विरोध नाही, a₁ मोकळा. दोन्ही उत्तरे sin x/√x आणि cos x/√x अशी सरळ मिळतात. फरक शून्य असेल, म्हणजे मुळे समान असतील, तर लॉगॅरिदम टळत नाही. फरक पूर्ण संख्या नसेल तर तो येत नाही. निवाडा करावा लागतो तो फक्त या मधल्या प्रकारात.

अखंड डफाला y₂ चालत नाही, कारण केंद्रापाशी 1/x अनंताकडे जातो आणि कातडे तसे हलू शकत नाही. पण मधे गोल भोक असलेला, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांवर ताणलेला पडदा घेतला, तर x = 0 त्या पडद्यात येतच नाही. तिथे दोन्ही कडांच्या अटी पाळायला y₁ एकटा पुरत नाही, y₂ घ्यावाच लागतो.

म्हणून असे गणित समोर आले, की आधी लहान मूळ घ्यावे, मुळांतला फरक जितका असेल तितक्या पायऱ्या चालावे आणि शून्याने गुणलेल्या सहगुणकाशेजारी काय उरले ते पाहावे. शून्य उरले तर लॉगॅरिदमची गरज नाही. काही उरले, तर C ची किंमत त्याच ओळीतून काढावी.