डिस्चार्ज कार्डवरचे ‘ईएफ ३५ टक्के’

हार्ट अटॅकनंतर अकोल्यात अँजिओप्लास्टी करून रुग्ण वाशिम जिल्ह्यातल्या गावी परततो. कार्डवरचे ‘ईएफ ३५ टक्के’ वाचून घरचे हादरतात: हृदय एवढेच उरले? तसे नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, तो हा आकडा. कप्प्यात १२० मिली असेल, तर ४२ मिली बाहेर जाते. निरोगी हृदयही साधारण ५५ ते ७० टक्केच फेकते.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा आडवे होताच दम लागला, तर अंगात पाणी साठत असू शकते; डॉक्टरांना लगेच कळवा. गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या बरे वाटले म्हणून स्वतःहून थांबवू नका. स्टेंट अचानक बंद पडू शकतो.