गटाच्या ग्रुपवर फक्त कार्यालयच का लिहिते, आणि आपले म्हणणे कुठे मांडायचे?



सिरोंचा गटातील सभासदांसाठी मोबाईलवर जो व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, त्यावर आता फक्त गट कार्यालयालाच लिहिता येते. सभासदांना वाचता येते, लिहिता येत नाही. लिहायच्या जागी "Only admins can send messages" अशी ओळ दिसते. ती दिसू लागल्यापासून आमच्याकडे विचारणा सुरू आहे. कोणाला वाटले मोबाईलच बिघडला, कोणाला वाटले आपले नाव काढून टाकले. एका मामांनी तर बाजारात गाठून सरळच विचारले, "साहेब, तोंड बंद केलं का आमचं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर या अंकात सविस्तर देत आहोत.

मुळात हा ग्रुप काढला तो तोडणीच्या कामासाठी. आपल्या गटातला ऊस थोडा आणि विखुरलेला. एका गावात चार प्लॉट, पुढच्या गावात दोन. टोळी आज कुठे, उद्या कुठे, वाहन किती वाजता येणार, गव्हाण चालू आहे की बंद, एवढेच त्यावर यावे असा विचार होता. पहिल्या हंगामात तसे झालेही. पुढे वाढदिवस आले, सुप्रभात आले, कोणाच्या तरी पुतण्याच्या लग्नाचे फोटो आले. त्यात वाईट काही नाही. पण आपल्याकडची अडचण वेगळी आहे. सगळ्या गावांत दिवसभर रेंज नसते. माणूस संध्याकाळी सिरोंच्याला किंवा एखाद्या उंचवट्यावर आला की दिवसभराचे निरोप एकदम मोबाईलमध्ये ओतले जातात. दोनशे निरोपांत एक निरोप कामाचा असेल तर तो शोधणार कोण?

गेल्या हंगामात नेमके हेच घडले. गव्हाणीत बिघाड झाला आणि दोन दिवस ऊस घेणे बंद राहणार होते. आम्ही सकाळी सात वाजता निरोप टाकला : "आज व उद्या तोड करू नये." त्याच दिवशी कोणाचा तरी वाढदिवस होता. शुभेच्छांची रांग लागली. एका सभासदाच्या शेतात टोळी आदल्या रात्रीच येऊन बसली होती. त्याचा मोबाईल अंधार पडल्यावर रेंजमध्ये आला, आणि निरोप दिसला तेव्हा निम्मा प्लॉट आडवा झालेला होता. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, हे आम्ही दरवर्षी सांगतो. हा ऊस तिसऱ्या दिवशी काट्यावर आला. उन्हात पडलेल्या उसातले पाणी उडते, वजन घटते, आणि आतली साखरही उतरू लागते. साखरेचे नुकसान कारखान्याचे म्हणा, पण वजनाचे पूर्ण त्या शेतकऱ्याचे. निरोप वेळेवर टाकला होता, असे म्हणून आम्हाला हात झटकता आले असते. पण निरोप टाकणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे.

दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, पलीकडच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे सगळे, म्हणजे ८५ दरवाजे उघडले गेले आणि आपल्या काठच्या अनेक गावांना घरे सोडावी लागली. हे कोणी विसरलेले नाही. त्या पुराचे एक चलचित्र गेल्या पावसाळ्यात पुन्हा ग्रुपवर आले. वर लिहिलेले : "आत्ताच पाणी सोडलं, रात्रीपर्यंत येतंय." तारीख नाही, कोणी काढले ते नाही. काठावरच्या काही सभासदांनी भर पावसात, रात्रीच्या अंधारात मोटारी सोडवून खांद्यावरून वर आणल्या. पाणी आले नाही. पुन्हा मोटारी बसवायला गडी आणि वायरमन मिळेपर्यंत चार दिवस गेले. मोटारी गेल्या, पाठीचे हाल झाले, ते ठीक. खरी भीती पुढची आहे. पुढच्या वेळी खरा इशारा येईल तेव्हा हेच लोक म्हणतील, "मागच्यासारखंच असेल." पुराचा इशारा तहसील कार्यालयाकडून किंवा जिल्हा प्रशासनाकडून आला तरच तो धरावा. तोच आम्ही ग्रुपवर देऊ, तारीख-वेळेसह. एखाद्या निरोपावर दोन बाण आणि "Forwarded many times" असे दिसले, तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे आणि पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नाही, एवढे समजावे.

मोटारी वर आणाव्या लागल्या, इतक्यावर भागले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा मोबाईलवरून फिरलेल्या अफवेवर जमावाने पाच जणांना ठार मारले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले ते नाथपंथी डवरी गोसावी होते. आपल्याकडेही हंगामात परमुलखातल्या टोळ्या येतात. त्यांची भाषा वेगळी, वेष वेगळा, पाल गावाबाहेर. असला एखादा निरोप आपल्या ग्रुपवरून गेला तर काय होईल, हा विचार मनात येतो आणि झोप उडते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. फक्त ॲडमिनलाच लिहिता येण्याची सोयही त्याच सुमारास आली. ती आम्ही इतक्या उशिराने वापरली, हा आमचाच आळस.

येथे एक गैरसमज दूर करतो. "साहेब पोलीस केसला भ्याले" असे काही जण म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका ग्रुपच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी निकाल दिला आहे. दुसऱ्या सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. त्याचा त्यात सामाईक हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसला पाहिजे. तेव्हा भीतीचे कारण नाही. निरोप पुसून टाकण्याची सोय ॲडमिनला आहे, पण तो आधीच वाचला गेला, पुढे पाठवला गेला, तर पुसून काय उपयोग?

आता आमच्या बाजूचे उणे. ग्रुप बंद केला तो आठवडा चुकीचा निवडला. आदल्याच आठवड्यात एका सभासदाने काटापावतीचा फोटो टाकून वजनाबद्दल प्रश्न केला होता. त्यावर नव्वदेक उत्तरे आली, आणि मग ग्रुप बंद झाला. लोकांनी दोन आणि दोन चार केले, यात त्यांचा दोष नाही. दुसरे असे की, उघड्या ग्रुपवर आम्ही चुकलो तर पाच मिनिटांत कोणीतरी चूक दाखवत असे. आता तसे होत नाही. बंद झाल्यावर आठच दिवसांत आम्ही एका गावाची पाळी शुक्रवारऐवजी गुरुवार लिहिली, आणि ती चूक दुपारपर्यंत तशीच राहिली. कार्यालयाने लिहिले म्हणजे खरेच, असे सगळे धरून चालतात, म्हणून अशी चूक अधिक महाग पडते.

त्यावर उपाय असा. निरोपात चूक दिसली किंवा शंका असली, तर त्या निरोपावर बोट दाबून धरावे आणि "Reply privately" निवडावे. आपले उत्तर फक्त निरोप टाकणाऱ्या कर्मचाऱ्याकडे येते. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा. मराठीत, तेलुगूत, माडियात, कसेही चालेल. आमच्याकडे तिन्ही समजणारी माणसे आहेत. फक्त सभासद क्रमांक, गाव आणि प्लॉट सांगा. चूक निघाली तर दुरुस्तीचा निरोप "दुरुस्ती" असे वर लिहून त्याच ग्रुपवर येईल. जुना निरोप गुपचूप पुसला जाणार नाही.

पण तक्रार असेल तर मोबाईलवर भिस्त ठेवू नका, हे आवर्जून सांगतो. मोबाईलवरच्या निरोपाला आवक क्रमांक नसतो. कर्मचारी बदलला, मोबाईल बदलला, की सगळे गेले. वजन, नोंद, पाळी, बिल यांची तक्रार साध्या कागदावर दोन प्रतींत लिहून गट कार्यालयात द्यावी. एक प्रत आमच्याकडे राहते. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका. आमच्या बाबूने "उद्या या" म्हटले तर थेट आमच्या टेबलाशी या.

त्या काटापावतीचेच पुढे काय झाले ते पाहा. ग्रुपवर नव्वद उत्तरे आली, त्यांत काटा, मुकादम, संचालक, सरकार सगळे आले. पावती कोणी वाचली नाही. नंतर त्याच सभासदाने लेखी अर्ज दिला. अर्जात पावती क्रमांक, तारीख आणि ट्रॅक्टरचा क्रमांक होता. आम्ही पावतीवरचे तीन आकडे पाहिले. भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन, आणि त्यांची वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस. रिकाम्या वाहनाचा आकडा आदल्या खेपेशी अगदी किलोपर्यंत जुळत होता. असे सहसा होत नाही, शंका यावी ती इथेच. चौकशीत निघाले की आदल्या खेपेला ट्रॉलीला बाजूच्या फळ्या होत्या, या खेपेला त्या काढलेल्या. रिकामे वाहन पुन्हा काट्यावर न घेता जुनाच आकडा लिहिला गेला होता. फळ्या वजन करून पाहिल्या तर १४० किलो भरल्या. तितका ऊस सभासदाच्या बिलात कमी धरला गेला होता. तो पुढच्या बिलात जमा केला. आपणही पावती हातात आली की रिकाम्या वजनाचा आकडा आधी पाहा, आणि वाहन रिकामे झाल्यावर काट्यावर गेले का ते चालकाला विचारा.

काही प्रश्न गट कार्यालयाच्या हातचे नसतात. ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज मिळावे, अशी तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. त्याबाबत कारखान्यात दाद लागली नाही तर साखर खात्याचे प्रादेशिक सहसंचालक नागपूरला बसतात, त्यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत आमचा आवक शिक्का असलेली प्रत जोडावी. आणि कारभाराबद्दलच विचारायचे असेल, तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येतात. नकला हव्या असतील तर फी भरावी लागते. वार्षिक सभेत प्रश्न विचारायच्या आधी या नोंदी पाहून आलात, तर उत्तर देणाऱ्याला इकडचे तिकडचे सांगता येत नाही. हे आम्ही कर्मचारी असूनही सांगतो.

सभासदांनी आपसांत गप्पांचा, शुभेच्छांचा वेगळा ग्रुप काढला तर आमची हरकत नाही. त्यात आम्हाला घेऊ नये, एवढीच विनंती. ज्यांच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप नाही त्यांच्यासाठी पाळीची यादी पूर्वीप्रमाणे गट कार्यालयाच्या फळ्यावर लागेल, आणि टोळी येण्याच्या आदल्या दिवशी चिटबॉय घरी येऊन सांगेल. तो आला नाही तर तेही अर्जात लिहा.