तीन फोटो आणि पान एक

डाक आवृत्ती कधीच छापायला गेली होती. शहर आवृत्तीचं पान एक सोडायला पाऊण तास उरला होता आणि फोटो एडिटरसमोर मुंबईतल्या दिवसभराच्या पावसाचे तीन फोटो होते.

पहिला व्हॉट्सअॅपवरून आलेला. पाण्याखाली गेलेले रूळ, मधेच अडकलेली लोकल, दारात दाटीने उभे प्रवासी. "मॅडम, हाच घेऊया," रात्रपाळीचा उपसंपादक म्हणाला. तिने फोटो मोठा केला. डबे पिवळ्या-तपकिरी रंगाचे होते. तो तर लोकलचा जुना रंग. 2007 नंतर पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आल्या आणि जुन्या हळूहळू हद्दपार झाल्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या वेळचे फोटो पावसाळ्यात ताजे म्हणून पुन्हा फिरू लागतात. व्हॉट्सअॅपवरून येताना कॅमेऱ्याने केलेली तारखेची नोंदही सहसा पुसली जाते, त्यामुळे साक्ष देणार ती गाडी किंवा मागची एखादी पाटीच. फोटो बाद झाला.

दुसरा त्यांच्याच छायाचित्रकाराचा. भिंत कोसळली होती, आई आक्रोश करत होती आणि तिच्याजवळच्या चादरीतून एक लहान हात बाहेर आला होता. फोटो खरा होता आणि विलक्षण ताकदीचा होता. "हात तेवढा पुसता येईल," कुणीतरी सुचवलं.

हा मोह जुनाच आहे. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. पाब्लो तोरेस गेर्रेरो यांच्या फोटोत जखमींच्या पुढ्यात, रुळांलगत, शरीराचा तुटलेला अवयव पडलेला दिसत होता. स्पेनच्या 'एल पाईस'ने फोटो होता तसाच पहिल्या पानावर छापला. ब्रिटनच्या 'गार्डियन'ने अवयवाचा रक्ताळलेला रंग करडा करून तो खडीत मिसळून टाकला, तर काही दैनिकांनी तो साफ पुसला. वाचकाला धक्का बसू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मग छापलं गेलं ते घडलेलं नव्हतंच. न पटणारा फोटो न छापण्याची मुभा संपादकाला असते, त्यातलं काही पुसण्याची नसते. चौकट आवळावी, तर इथे हात आईच्या चेहऱ्यालगतच होता. तिने हाही फोटो बाजूला ठेवला.

उरला तिसरा. गुडघाभर पाण्यात उघड्या मॅनहोलपाशी दोन तरुण बांबूला लाल फडकं बांधून वाहनं वळवत होते. सकाळी घराबाहेर पडणाऱ्याला उपयोगी पडेल असा हाच फोटो होता.

अडचण होती ती कागदाची. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि स्क्रीनवर नुसतं सावळं दिसणारं छापल्यावर काळंकुट्ट होतं. संध्याकाळच्या उजेडातलं पाणी आणि बांबू एक झाले असते. तिने गडद भाग उजळले. ही दुरुस्ती चालते, कारण तिने काही येत नाही की जात नाही.

मग पानाची घडी. मथळ्याखाली फोटो लावला, तर घडी नेमकी लाल फडक्यावर पडत होती आणि स्टॉलवर फक्त दोन डोकी दिसली असती. तिने वृत्तसंपादकांना गाठलं. मथळा फोटोखाली उतरला, फोटोओळीत ठिकाण आणि वेळ पडली. बारा वीसला पान सुटलं.